ग्रुप फोटो, तीन चेहरे आणि ताईंना लिहिलेलं पत्र: कामाच्या नोंदी

९ डिसेंबर

दुपारी ताई आल्या होत्या. नोव्हेंबरमधल्या लग्नाचा अल्बम देऊन झालाय, आता त्यांना स्टेजवरचा घरच्यांचा ग्रुप फोटो २० बाय ३० इंचात फ्रेम करून हवाय. २८ तारखेला अप्पांची पंचाहत्तरी आहे, त्या दिवशी हॉलमधल्या भिंतीवर लागला पाहिजे. फोटोत २७ माणसं आहेत, तीन रांगा, पुढं खुर्च्या. तीन ठिकाणी चेहरा बदलायचाय असं त्या म्हणाल्या.

पहिलं, अप्पांचे डोळे मिटलेत. दुसरं, आजी खाली बघतायत, त्यांच्या जागी हळदीच्या सकाळचा हसरा चेहरा लावायचा. तिसरं सांगताना ताई जरा थांबल्या. त्यांचा थोरला भाऊ, दादा, दोन वर्षांपूर्वी गेला. मधल्या रांगेत उजव्या टोकाला चुलतभाऊ उभा आहे, अंगापिंडानं दादासारखाच, तर त्याच्या अंगावर दादाचा चेहरा बसवा म्हणाल्या. मोबाईलमधला फोटो दाखवला, दादाचा बाल्कनीतला सेल्फी, व्हॉट्सॅपवरून आलेला. भाच्यानं एका ॲपमध्ये करून बघितलेलंही दाखवलं, "ॲपवर एवढं होतंय तर तुमच्याकडं चांगलंच होईल ना?"

मी तिथल्या तिथं हो पण म्हणालो नाही आणि नाही पण म्हणालो नाही. फाईली बघून दोन दिवसात सांगतो म्हणालो. काऊंटरवर दुसरी गिऱ्हाईकं उभी होती आणि त्यांच्या गेलेल्या भावाबद्दल "नाही जमणार" असं तिथं उभ्या उभ्या बोलणं मला बरं वाटलं नाही.

१० डिसेंबर

हार्ड डिस्कमधनं त्या दिवसाच्या रॉ फाईली काढल्या. या ग्रुपचे लागोपाठ नऊ फोटो आहेत. मोठा ग्रुप असला की आम्ही आठ-दहा तरी काढतोच, कारण सत्तावीस जणांचे डोळे एकाच क्षणी उघडे सापडणं अवघड, कुणीतरी पापणी पाडणारच. ताईंनी निवडलेला फोटो पाचवा आहे, नवरा-नवरी आणि पोरं त्यातच सगळ्यात चांगली आलीत, त्यामुळं मूळ हाच धरायचा.

अप्पा: सहाव्या फोटोत डोळे उघडे आहेत, मान तशीच, फेटा तसाच. काम सोपं आहे.

आजी: नऊपैकी आठ फोटोत खाली नाहीतर नवरीकडं बघतायत. फक्त तिसऱ्यात सरळ कॅमेऱ्याकडं बघितलंय, पण ओठ मिटलेले, गंभीर. हळदीचा फोटोपण उघडला, हसणं खरंच गोड आलंय पण उजेड सगळा खिडकीतनं एका बाजूनं येतोय आणि मान चांगली तीसेक अंशात वळलीय.

दादा: सेल्फी काँप्युटरवर १०० टक्क्याला बघितला. ऊन डाव्या अंगानं, नाकाची काळी सावली थेट ओठापर्यंत गेलीय, त्या सावलीत कातडीचा रंगच उरलेला नाही, नुसता तपकिरी ठोकळ्यांचा ठिगळ. संध्याकाळी तास दीड तास प्रयत्न करून बघितला, कारण करून न बघता नाही म्हणायचं नाही असा आमच्याकडं नियम आहे. चेहरा लहान केला, रंग मिळवला, सावली जेवढी उजळता येते तेवढी उजळली, टोकाच्या माणसाच्या अंगावर ठेवला. मग असिस्टंटला बोलावून काही न सांगता विचारलं, फोटोत काय खटकतंय? त्यानं दोन सेकंदात बोट ठेवलं.

ताईंना फोनवर सांगितलं तर निम्मं राहून जाईल, घरात बाकीच्यांनाही सांगावं लागेल त्यांना. म्हणून पत्रच लिहायचं ठरवलं.

११ डिसेंबर

सकाळी दुकान उघडायच्या आधी पत्र लिहिलं. त्याची प्रत इथं ठेवतोय, पुढं असं काम आलं तर आमच्या पोरांनाही वाचायला होईल.

ताई, नमस्कार.

परवा तुम्ही सांगितलेली तिन्ही कामं फाईली उघडून आणि करून बघितली. एक पूर्ण होईल, एक अर्धं होईल आणि एक तुम्ही सांगितलंत त्या पद्धतीनं होणार नाही, पण त्याला दुसरा रस्ता असू शकतो. प्रत्येकाचं कारण सांगतो, म्हणजे तुम्हाला घरी पण समजावता येईल.

आधी अप्पांचं. ग्रुपचे आपण नऊ फोटो काढले होते, त्यातल्या पाचव्यात अप्पांचे डोळे मिटलेत आणि सहाव्यात उघडे आहेत, दोन्हीत अंतर तीन-चार सेकंदांचं. तेच लाईट, तोच कॅमेरा, तेवढंच लांब, मान पण तशीच. त्यामुळं सहाव्यातलं डोकं उचलून पाचव्यात ठेवलं की ते तिथलंच असतं, आम्हाला फक्त कडा जुळवायच्या असतात. यात खोटं काही नाही, अप्पा त्या क्षणी तिथं तसेच बसले होते. हे इतकं बेमालूम होईल की तुम्हाला सुद्धा सांगता येणार नाही.

आता आजींचं. हळदीचा हसरा फोटो मलाही फार आवडला, पण तो या ग्रुपमध्ये बसणार नाही. हळदीला आजी खिडकीजवळ बसल्या होत्या, उजेड एकाच बाजूनं, त्यामुळं एक गाल उजळ आणि दुसरा अंधारात. स्टेजवर आपण दोन्ही बाजूला छत्रीचे लाईट लावले होते, तिथं सगळ्यांचे दोन्ही गाल सारखे उजळलेत. अंधारातला गाल मी उजळू शकतो, पण सावली नुसती काळी नसते, ती चेहऱ्याला आकार देते, ती काढली की गाल सपाट होतो आणि माणूस पुठ्ठ्यातनं कापल्यासारखा दिसतो. दुसरी अडचण, त्यांची मान वळलेली आहे, पलीकडचा कान फोटोत आलेलाच नाही. जे कॅमेऱ्यानं बघितलंच नाही ते मी फार तर अंदाजानं काढू शकतो, आणि अंदाजानं काढलेला कान आजींचा नसेल. फोटो आरशासारखा उलटा केला तर उजेडाची बाजू बदलते, पण मग नथ उजव्या नाकपुडीत जाते आणि पदर दुसऱ्या खांद्यावर, तेही चालायचं नाही.

डोळे एका फोटोतले आणि हसू दुसऱ्यातलं असं पण करून मागतात लोक. ते मी करत नाही. माणूस खरं हसतो तेव्हा गाल वर चढतात, डोळ्याखाली वळी पडते, कडेला सुरकुत्या येतात. गंभीर डोळ्यांखाली हसरे ओठ ठेवले की बघणाऱ्याला कारण कळत नाही पण आजी कुणीतरी वेगळीच वाटते.

जे होईल ते असं: तिसऱ्या फोटोत आजी सरळ कॅमेऱ्याकडं बघतायत, हसत नाहीत पण चेहरा शांत आणि स्वच्छ आलाय. तो मी पाचव्यात लावतो. हसरा हवाच असेल तर हळदीचा फोटो वेगळा ८ बाय १२ करून देतो, तो तसाच सुंदर आहे.

आता दादांचं. हे सावकाश वाचा.

ताई, चेहरा म्हणजे नुसतं डोळे-नाक-तोंड नसतं. आपण आपल्या माणसाला लांबनं ओळखतो ते डोक्याच्या आकारावरनं, कान किती बाहेर आहेत, केस कपाळावर कुठून सुरू होतात, मान किती लांब, खांदे उतरते की सरळ, उभं राहताना कुठल्या पायावर भार टाकतो यावरनं. तुमच्या भाच्यानं ॲपवर जे केलं त्यात हेच झालंय. ॲप भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा मधला भाग बदलतं, बाकी डोकं, केस, कान, जबड्याची कड सगळी चुलतभावाचीच राहते. म्हणून ते बघितल्यावर एकदा दादा वाटतो आणि एकदा चुलतभाऊ. अशा कामाला सर्रास वापरलं जाणारं inswapper_128 नावाचं एक मॉडेल आहे, ते चेहरा १२८ बाय १२८ ठिपक्यांचाच बनवतं, तो आकडा नावातच आहे. मग तो गुळगुळीत दिसतो म्हणून दुसरा प्रोग्राम त्यावर पापण्या, कातडीची छिद्रं असं काहीबाही चढवतो. ते सगळं सरासरी माणसाचं असतं, तुमच्या दादाचं नाही. त्या फोटोत डाव्या गालावरचा तीळ शोधा, नाहीये.

मग मी हातानं केलं तर? पूर्ण डोकं उचललं तर? तेही काल करून बघितलं, सेल्फीमुळं अडतं. नाकाचं टोक आणि कान यांच्यात साधारण १२ सेंटीमीटर अंतर असतं. सेल्फी काढताना मोबाईल नाकापासून ५० सेंटीमीटरवर असेल तर कान ६२ वर गेला, म्हणजे कानाच्या मानानं नाक जवळजवळ पाव पटीनं मोठं येतं, कपाळ पुढं येतं आणि कान मागं दडतात. ग्रुप फोटो मी पंचवीस फुटांवरनं काढलाय, तिथं हाच फरक दीड-दोन टक्के उरतो. त्यामुळं सेल्फीतलं डोकं त्या रांगेत ठेवलं की ते शेजारच्यांपेक्षा फुगीर दिसतं, कितीही लहान-मोठं केलं तरी, कारण प्रश्न मापाचा नाहीच, कुठून बघितलं याचा आहे. यात माझ्या हातातलं कसब काही करू शकत नाही.

त्यात उन्हाची सावली आहे, आणि व्हॉट्सॅपनं फोटो इतका दाबलाय की सावलीत तपशीलच शिल्लक नाही. आणि एक बघा, त्या सेल्फीत तीळ उजव्या गालावर दिसतोय, मोबाईलनं फोटो आरशासारखा उलटा साठवलाय. तसाच लावला असता तर घरातल्या प्रत्येकाला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं असतं.

आता एक गोष्ट फोटोबाहेरची आहे, लहान तोंडी मोठा घास वाटला तर माफ करा. चुलतभाऊ त्या दिवशी तिथं उभा होता. त्याच्या अंगावर दादाचा चेहरा बसवला की त्या फोटोतून तो जातो. आणखी वीस वर्षांनी त्याची मुलं तो फोटो बघतील तेव्हा त्यांचा बाप त्या लग्नात दिसणार नाही. दादाला आणायचं असेल तर कुणाला घालवून नको असं मला वाटतं.

म्हणून दुसरा रस्ता. चेहरा बदलायचा नाही, दादांना पूर्ण माणूस म्हणून रांगेत उभं करायचं. त्यासाठी असा फोटो शोधा: दादा उभे असावेत, तोंड कॅमेऱ्याकडं असावं, फोटोग्राफरनं आठ-दहा फुटांवरनं तरी काढलेला असावा, शक्यतो हॉलमधला आणि फ्लॅशवरचा. कुठल्यातरी कार्यातला जुना ग्रुप फोटो असेल तर उत्तम, कारण तो आमच्यासारख्याच कुणीतरी आमच्याच पद्धतीनं काढलेला असणार. कागदावरचा फोटो असेल तर तोच आणा, मोबाईलनं त्याचा फोटो काढून पाठवू नका. मोबाईलमधली फाईल असेल तर पेन ड्राईव्हवर आणा किंवा व्हॉट्सॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फोटो मिळाला तर मी आधी बघून सांगेन, आत्ताच शब्द देत नाही. नाही मिळाला तर दादांची तसबीर आजींच्या शेजारच्या खुर्चीत ठेवून वेगळा फोटो काढून त्यात मिळवता येईल, पुष्कळ घरात तसं करतात आणि ते खरं असतं.

अप्पांचं आणि आजींचं काम सुरू करतो. दादांच्या प्रयत्नाचे पैसे लावत नाही.

आपला,
स्टुडिओवाला भाऊ

११ डिसेंबर, रात्री

पत्र असिस्टंटच्या हाती घरी पाठवलं होतं. ताईंचा फोन आला नाही. अप्पांचं काम उरकलं.

दोन्ही रॉ फाईली एकाच व्हाईट बॅलन्सवर उघडल्या, फोटोशॉपमध्ये एकावर एक लेयर टाकल्या आणि Auto-Align Layers दिलं, कॅमेरा हातात होता त्यामुळं दोन फोटोत आठ-दहा पिक्सेलचा सरक होताच. वरच्या लेयरला काळा मास्क, मग पांढऱ्या ब्रशनं फक्त डोकं उघडं केलं. कड कुठं घ्यायची हाच खरा प्रश्न असतो. गालावरनं कड कधी घेत नाही, तिथं रंगाचा फरक लगेच उठतो. वर फेट्याच्या घडीतनं, बाजूला कानामागनं, खाली जबड्याच्या सावलीतनं कॉलरपर्यंत, जिथं रेष आधीच आहे तिथनं.

सहावा फोटो किंचित काळा होता, लागोपाठ काढताना फ्लॅश पूर्ण भरला नव्हता. साधारण एक तृतीयांश स्टॉपचा फरक. Curves लेयर फक्त त्या डोक्यापुरता लावून वर आणला. तपासायला सगळ्यात वर एक Black & White लेयर टाकतो, रंग गेला की उजेडातला फरक लपत नाही, रंगात डोळा फसतो. बरोबर बसलाय.

१३ डिसेंबर

आजींचं झालं, पण वेळ लागला. पाचव्यापेक्षा तिसऱ्या फोटोत आजी खुर्चीत जराशा पुढं सरकलेल्या आहेत, त्यामुळं डोकं दोनेक टक्के मोठं येत होतं आणि गजरा मागच्या पोराच्या सदऱ्यावर येत होता. डोकं लहान केलं, गजऱ्यामागचा सदरा पाचव्यातलाच ठेवला. पदराची कड कानाजवळ दोन फोटोत वेगळी होती, तिथं डोक्याबरोबर पदराचा तेवढा तुकडा पण उचलला, नाहीतर काठ तुटतो. काठ तुटला की कुठलीही बाई पहिल्यांदा तेच बघेल, चेहरा नंतर.

१५ डिसेंबर

ताई आल्या, डोळे सुजलेले होते पण बोलल्या शांतपणे. पत्र अप्पांनी मोठ्यानं वाचायला लावलं म्हणे घरात. चुलतभाऊ तिथंच होता, तो म्हणाला, माझ्या जागी लावा, मला काही वाटत नाही. अप्पा म्हणाले, नाही, दोघं पाहिजेत.

सोबत अल्बम आणला होता, २०१७ मधल्या एका साखरपुड्याचा. त्यात ८ बाय १२ चा एक ग्रुप, नऊ माणसं, दादा मधोमध, क्रीम रंगाचा झब्बा, तोंड सरळ कॅमेऱ्याकडं, किंचित हसू. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ मारलेला आहे. मला आत कुठंतरी हायसं वाटलं, हा फोटो चालण्यासारखा आहे. तीळ डाव्या गालावर.

ताईंना तीन गोष्टी विचारून लिहून घेतल्या. दादा अप्पांपेक्षा किती उंच? चार बोटं. चुलतभावापेक्षा? बरोबरीनं. कुणाशेजारी उभं करायचं? आईनं सांगितलंय, आजीच्या मागं, आजीचा लाडका होता. फेट्याचं पण सांगितलं, त्या फोटोत दादांच्या डोक्यावर फेटा नाही आणि आपल्या ग्रुपमध्ये बाकी सगळ्या पुरुषांना आहे. दुसऱ्याचा फेटा काढून बसवू शकतो पण कपाळ आणि केस झाकले जातील आणि ओळख तिथंच निम्मी जाईल. ताई म्हणाल्या, राहू दे, तो फेटा बांधून घ्यायचाच नाही.

१६ डिसेंबर

अल्बमचं पान चिकटवलेलं नव्हतं म्हणून बरं झालं, फोटो सरळ स्कॅनरवर आला. ६०० डीपीआयला स्कॅन केला. कागद सिल्क फिनिशचा आहे, त्यावरचे बारीक खडबडे दाणे स्कॅनमध्ये चमकतात, चेहऱ्यावर जाळी आल्यासारखी दिसते. त्याला उपाय म्हणजे फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा, १८० अंशात फिरवून स्कॅन करायचा, मग दोन्ही एकावर एक जुळवून वरचा लेयर ५० टक्के ठेवायचा. दाण्यांवरची चमक दोन्हीत विरुद्ध बाजूला पडते त्यामुळं ती एकमेकीला बरीच खाऊन टाकते, चेहरा मात्र तसाच राहतो.

स्कॅनमध्ये दादाचा चेहरा हनुवटीपासून केसांपर्यंत ५४० पिक्सेल आला. कागदावर तेवढा तपशील नसतो, खरा निम्मा धरायचा, म्हणजे २७०. आपल्या ग्रुपमध्ये फोटो ६००० पिक्सेल रुंद आहे आणि एकेक चेहरा १८० च्या आसपास. म्हणजे मोठ्याचं लहान करायचंय, लहानाचं मोठं नाही. हे उलटं असतं तर काम इथंच थांबवलं असतं. ३० इंची प्रिंटमध्ये १८० पिक्सेल म्हणजे पाऊण-एक इंचाचा चेहरा होतो.

१८ डिसेंबर

दिवसभर दादा. आजीच्या मागं, मधल्या रांगेत दोन माणसांमध्ये वीतभर फट होती, तिथं उभं केलं. डोकं, मान आणि एक खांदा दिसतो, बाकी अंग पुढच्यांच्या मागं. हे मुद्दाम असंच निवडलं, पाय दिसले असते तर सतरंजीवरची सावली, पायाचा कोन, सगळंच उभं करावं लागलं असतं. शेजारच्यांच्या खांद्यामागं गेला की माणूस आपोआप रांगेत उभा राहतो. आणि जागा फोटोच्या मध्याजवळ आहे ते पण सोयीचं झालं, आमची लेन्स ३५ एमएमची होती, तिच्यात टोकाला उभ्या माणसाचं डोकं दहाएक टक्के रुंद येतं. टोकाला उभं केलं असतं तर दादालाही तेवढं ताणावं लागलं असतं.

उंची ताईंनी सांगितली तशी. एक गोष्ट जवळजवळ विसरत होतो, मधली रांग पुढच्या रांगेपेक्षा एक पायरी वर आहे आणि अप्पा खुर्चीत आहेत, त्यामुळं अप्पांवरनं मोजता येईना, मग बरोबरीनं असलेल्या चुलतभावाच्या डोळ्यांची रेष धरली. फेट्यामुळं डोक्याच्या वरच्या टोकावरनं मोजलं तर फसायला होतं, डोळ्यावरनंच मोजायचं.

उजेडाचं असं, २०१७ चा फ्लॅश सरळ समोरनं आहे, आपल्या छत्र्या दोन्ही बाजूनं आणि जरा वरनं. बराच सारखेपणा आहे, पण आपल्या ग्रुपमध्ये प्रत्येकाच्या हनुवटीखाली मऊ सावली आहे आणि दादाच्या नाही. हनुवटीखाली आणि कानामागं थोडा काळोख दिला, कपाळावरची फ्लॅशची चमक कमी केली. कपाळ अगदी मॅट केलं नाही, बाकीच्यांचं पण घामानं थोडं चकाकतंय. जुन्या प्रिंटचा रंग लालसर झालाय, झब्बा गुलाबी दिसत होता. झब्बा क्रीम होता हे ताईंनी सांगितलेलं, तर आधी झब्बा बरोबर केला, कातडी त्यामागं आपोआप बरीचशी जागेवर आली.

मग धार. स्कॅन मऊ आहे, आपला फोटो टोकदार आणि आयएसओ ८०० चे बारीक दाणे असलेला. लहान केल्यावर किंचित शार्पन केलं आणि थोडा नॉईज टाकला. चेहऱ्याला हात लावला नाही, सुरकुती नाही, तीळ नाही, वय नाही. हा २०१७ मधला दादा आहे आणि शेजारी आजचे सगळे. तेवढा फरक दिसतो, तो मला पुसता येत नाही आणि पुसायचाही नाही.

संध्याकाळी असिस्टंटला परत बोलावलं, काय खटकतंय विचारलं. त्यानं बराच वेळ बघून पुढच्या रांगेतल्या एका पोराच्या सुटलेल्या बुटाच्या नाडीवर बोट ठेवलं.

२० डिसेंबर

नमुना प्रिंट ८ बाय १२ मध्ये काढून ताईंना दिला, स्क्रीनवर दाखवला नाही, स्क्रीनवर झूम करून लोक भलतंच काहीतरी शोधतात आणि भिंतीवर लागणार आहे कागद. सोबत सरळ सांगितलं की जवळनं नीट बघितलं तर दादाचा चेहरा बाकीच्यांपेक्षा इवलासा मऊ आहे, २०१७ च्या कागदात जेवढं होतं तेवढंच आणता आलं, त्यापुढं नेलं असतं तर ते माझं चित्र झालं असतं.

ताईंनी फोटो हातात घेतला, आधी आजी बघितली, मग मागं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मान अशीच एका बाजूला घालायचा तो. मी ती मान सरळ करायची का असं परवा दहा मिनिटं ठरवत बसलो होतो, रांगेत बाकी सगळे सरळ आहेत म्हणून. बरं झालं हात लावला नाही.

एकच बदल सांगितला, झब्बा अजून थोडा पिवळसर होता. केला.

२४ डिसेंबर

२० बाय ३० ची प्रिंट लॅबमधनं आली, मॅट. दहा फुटांवरनं, तीन फुटांवरनं आणि हातभर अंतरावरनं बघितली. दहा आणि तीनवरनं काही दिसत नाही. हातभरवरनं दादाच्या केसांची कड मला दिसते, कुठं बघायचं ते मला माहीत आहे म्हणून.

फ्रेमला दिली. मागच्या बाजूला पाकीट चिकटवायला सांगितलंय, त्यात पाचवा मूळ फोटो, काहीही न बदललेला, ८ बाय १२ मध्ये, मागं तारीख आणि फ्रेममधल्या फोटोत काय काय बदललंय ते पेनानं लिहून. डिस्कवर फाईल लेयरसकट ठेवलीय, `group_05_mul.jpg` आणि `group_05_dada.psd` अशा शेजारी शेजारी.

२७ डिसेंबर

चुलतभाऊ आला होता फ्रेम न्यायला. दुकानातच कागद सोडून बघितली. स्वतःला शोधलं उजव्या टोकाला, मग दादाला. मला म्हणाला, आमच्या दोघांचा एकत्र फोटो नव्हता हो मोठा. आजींचा हसरा ८ बाय १२ पण त्याच्याच हाती दिला.